नजर घसटली की विटांचे पापुद्रे निघतात

एखाद्या व्हिडिओ गेममधल्या जुन्या गल्लीत शिरा आणि विटांच्या भिंतीसमोर उभे राहा. विटा पुढे आहेत, सांधे आत आहेत, एखादी वीट सरकून बोटभर बाहेर आलेली आहे. एक पाऊल डावीकडे सरकलात, तर बाहेर आलेली वीट आपल्यामागचा सांधा झाकते आणि उजवीकडे सरकलात तर तो पुन्हा दिसतो. खऱ्या भिंतीत काहीच वेगळं घडत नाही. आता भिंतीला खेटून उभे राहा आणि तिच्या लांबीच्या दिशेने, गल्लीच्या टोकाकडे नजर टाका. पुढे आलेल्या विटांच्या कुशीवर बारीक पट्टे उमटलेले दिसतील, जणू वीट एकसंध नसून पत्त्यांची गड्डी आहे. आणखी पुढचा भाग तुमच्या प्रत्येक पावलासरशी चुळबुळ करेल. आणि जिथे भिंत संपते तिथली कड मात्र पट्टीने आखल्यासारखी सरळ असेल. एवढ्या विटा पुढेमागे आहेत, पण एकीनेही ती रेघ ओलांडलेली नसेल.

या तिन्ही गोष्टींचं कारण एकच आहे. त्या भिंतीत वीट नाहीच. तिथे एक सपाट पत्रा आहे आणि खोलीचा सगळा देखावा हिशोबाने उभा केलेला आहे. त्या हिशोबाचं नाव पॅरलॅक्स ऑक्ल्यूजन मॅपिंग. पॅरलॅक्स म्हणजे डोळा हलला की जवळच्या आणि लांबच्या वस्तू एकमेकींच्या तुलनेत सरकणं, आणि ऑक्ल्यूजन म्हणजे पुढच्या वस्तूने मागची झाकणं. समोरून पाहताना हा हिशोब फार सुरेख जमतो. नजर भिंतीला घसटू लागली की तो कोलमडतो, आणि का कोलमडतो हे आकडे मांडून पाहण्यासारखं आहे.

आधी हा आटापिटा कशासाठी, ते पाहू. भारतातली प्रमाणित मॉड्युलर वीट १९० × ९० × ९० मिलिमीटरची असते. १० मिलिमीटरचा सांधा धरला तर दर्शनी बाजूला एका विटेचा वाटा २०० × १०० मिलिमीटर होतो. म्हणजे दोन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच भिंतीत २०० विटा बसतात. प्रत्येक विटेच्या झिजलेल्या कडा आणि टवके खरोखर त्रिकोणांनी घडवायचे म्हटले, तर एकेका विटेला शेकडो त्रिकोण लागतील, आणि गल्लीत अशा भिंती कितीतरी. सपाट भिंतीला मात्र दोन त्रिकोण पुरतात. त्यावर विटांचं चित्र चिकटवलं की काम झालं. प्रश्न एवढाच, की चिकटवलेलं चित्र चिकटवलेलंच दिसतं.

त्यावरचा पहिला मोठा तोडगा जिम ब्लिन यांनी १९७८ साली मांडला. पृष्ठभाग सपाटच ठेवायचा, पण प्रत्येक ठिकाणी तो किती आणि कुणीकडे कललेला आहे याची खोटी माहिती द्यायची, म्हणजे त्यावर पडणारा उजेड खऱ्या उंचसखल पृष्ठभागासारखा विखुरतो. हे बम्प मॅपिंग. त्यात विटेच्या कडेवर उजेड आणि सांध्यात अंधार येतो, पण डोळा हलला तरी काहीच सरकत नाही आणि काहीच झाकलं जात नाही. चित्रकाराने रंगवलेली छाया आणि प्रत्यक्ष खोली यांतला फरक तिथे उघडा पडतो.

२००१ मध्ये जपानमध्ये तोमोमिची कानेको आणि सहकाऱ्यांनी पुढचं पाऊल टाकलं. चित्रासोबत आणखी एक करडं चित्र ठेवायचं, ज्यात पांढरं म्हणजे वर आणि काळं म्हणजे खोल. हा हाइट मॅप. पडद्यावरच्या प्रत्येक पिक्सेलसाठी त्या ठिकाणची खोली वाचायची आणि नजर ज्या दिशेने तिरकी आहे त्या दिशेला चित्रातली जागा तेवढ्या प्रमाणात सरकवून रंग उचलायचा. एकच वाचन आणि एकच सरकवणूक, त्यामुळे काम स्वस्तात होतं. पण हा अंदाजच, कारण वाटेत दुसरी एखादी वीट आडवी येते का, हे कुणी तपासतच नाही.

ते तपासण्याची रीत झोई ब्रॉली आणि नताल्या तातारचुक यांनी २००४ मध्ये मांडली. तातारचुक तेव्हा एटीआय या ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या कंपनीत होत्या. पुढच्याच वर्षी त्या कंपनीने ‘टॉयशॉप’ नावाचा नमुनापट दाखवला. त्यात रात्रीची वेळ, पाऊस, खेळण्यांचं दुकान आणि ओला दगडी रस्ता होता. त्या रस्त्यातले दगड आणि भोवतालच्या इमारतींच्या विटा याच युक्तीच्या होत्या. २००७ च्या ‘क्रायसिस’मध्ये ती जमिनीसाठी वापरली गेली आणि मग ती सगळीकडे पसरली. आजही गेम बनवण्याच्या कुठल्याही मोठ्या साधनात ती तयार मिळते.

युक्ती अशी. भिंतीचा सपाट पत्रा म्हणजे एका उथळ पेटीचं काचेचं झाकण समजा. विटा त्या पेटीच्या आत आहेत. सगळ्यांत पुढे आलेली वीट झाकणाला टेकते आणि सांध्याचा तळ पेटीच्या बुडाशी असतो. डोळ्यापासून निघालेली नजरेची रेघ झाकणावर एका बिंदूत शिरते आणि तिरकी आत उतरत जाते. ग्राफिक्स कार्ड त्या रेघेवरून पायऱ्या टाकत जातं. प्रत्येक पायरीला हाइट मॅप वाचायचा आणि विचारायचं, की रेघ इथे विटेच्या वर आहे की विटेत घुसली? ज्या पायरीला ती पहिल्यांदा घुसलेली आढळते, ती पायरी आणि तिच्या आधीची पायरी यांच्या दरम्यान टक्कर झालेली असते. त्या दोहोंमध्ये भिंतीचा पृष्ठभाग सरळ उतारासारखा आहे असं मानून छेदबिंदू काढायचा आणि रंगाचं चित्र त्या बिंदूवर वाचायचं. प्रत्येक पिक्सेलसाठी, प्रत्येक फ्रेमला.

रेघ पेटीच्या बुडाशी पोहोचेपर्यंत चित्रावर किती लांब जाईल, हे एका ओळीत येतं.

```
vec2 P = viewDir.xy / viewDir.z * heightScale;
```

यात viewDir.z म्हणजे नजर भिंतीत किती सरळ घुसते त्याचं माप आणि viewDir.xy म्हणजे ती भिंतीला समांतर किती धावते त्याचं. heightScale ही पेटीची खोली. दुखणं त्या भागाकारात आहे. नजर भिंतीला काटकोनात असली तर z एक असतो आणि xy शून्य. नजर तिरकी होत गेली की xy वाढतो आणि z शून्याकडे जातो, म्हणून भागाकार बेसुमार वाढतो. शाळेत त्रिकोणमितीत शिकलेला टॅन्जंट तो हाच. कोन भिंतीच्या लंबापासून मोजला तर ४५ अंशाला तो १ असतो, ८० ला ५.७, ८५ ला ११.४, ८८ ला २८.६ आणि ८९ ला ५७. शेवटच्या एका अंशात तो दुप्पट होतो आणि ९० ला त्याला अंतच नाही.

एक ठरावीक भिंत घेऊ. दोन मीटरच्या भिंतीवर २०४८ पिक्सेलचं चित्र, म्हणजे चित्रातला एक ठिपका साधारण एक मिलिमीटरचा. भिंत जुनी आणि खिळखिळी आहे, म्हणून कलाकाराने पेटीची खोली ५० मिलिमीटर ठेवली आहे. सर्वसाधारण विटांचा दर्शनी भाग झाकणापासून ३० मिलिमीटर आत आहे, सांध्यांचा तळ ५० वर आहे, आणि अधूनमधून आडवी बसवलेली एखादी वीट, जिचं ९० मिलिमीटरचं टोकच बाहेरून दिसतं, ती पुढे येऊन झाकणाला टेकली आहे. पायऱ्यांची संख्या कोनाप्रमाणे बदलायची पद्धत पहिल्यापासून आहे. समोरून ८ आणि अगदी घसटून ३२ हे आकडे नेहमी दिसतात. आपली नजर भिंतीपासून ४० सेंटिमीटरवर आहे. गेममधल्या माणसाला याहून फार जवळ जाता येत नाही.

भिंतीवरच्या ज्या जागा ४० सेंटिमीटर पुढे आहेत, तिथे नजर ४५ अंशात पडते. रेघ बुडापर्यंत चित्रावर ५० मिलिमीटर धावते, पायऱ्या १५ पडतात, म्हणजे एका पायरीत ३.३ मिलिमीटर. सव्वादोन मीटर पुढे कोन ८० चा होतो. रेघ २८४ मिलिमीटर धावते, पायऱ्या २८, एक पायरी १० मिलिमीटरची, म्हणजे बरोबर सांध्याच्या रुंदीएवढी. साडेचार मीटरवर ८५ अंश होतात आणि धाव ५७१ मिलिमीटर, पायरी १९. साडेअकरा मीटरवर ८८ अंश आणि पायरी ४६. तेवीस मीटरवर ८९ अंश होतात, धाव दोन मीटर ८६ सेंटिमीटरची, म्हणजे अख्ख्या चित्राहून लांब. तिथे एक पायरी ९० मिलिमीटरची आहे. आपल्या पुढे आलेल्या विटेचं टोक तेवढंच रुंद आहे. म्हणजे रेघ एका पायरीत तिच्या अलीकडे असू शकते आणि पुढच्या पायरीत तिच्या पलीकडे. मध्ये वीट होती हे तिला कळतच नाही. ४५ अंशाच्या तुलनेत पायऱ्या जेमतेम दुप्पट झाल्या, धाव मात्र सत्तावन्नपट वाढली आहे.

आता जवळचा दोष पाहू, ते पत्त्यांच्या गड्डीसारखे पट्टे. ८५ अंशाच्या ठिकाणी ३० पायऱ्या आहेत, म्हणजे प्रत्येक पायरीला रेघ ५० ÷ ३०, साधारण १.७ मिलिमीटर खोल उतरते आणि चित्रावर १९ मिलिमीटर पुढे सरकते. एक रेघ पकडा. नवव्या पायरीला ती १५ मिलिमीटर खोल आहे. खाली साधी भिंत ३० वर आहे, म्हणून ती मोकळ्या हवेत आहे. दहाव्या पायरीला ती १६.७ वर आहे, पण आता खाली ती पुढे आलेली वीट आहे, जिचा माथा शून्यावर आहे. रेघ विटेत घुसली. टक्कर या दोन पायऱ्यांमध्ये कुठेतरी झाली. सरळ उतार मानून गणित केलं तर आधीच्या बाजूला १५ चं अंतर, नंतरच्या बाजूला १६.७ चं, म्हणून छेदबिंदू साधारण निम्म्यावर, आधीच्या पायरीपासून ९ मिलिमीटरवर ठरतो.

पण विटेची कूस उतार नाही, कडा आहे. ती कड आधीच्या पायरीपासून २ मिलिमीटरवर असेल तर ठरवलेला बिंदू विटेच्या तोंडावर ७ मिलिमीटर आत पडतो आणि विटेचा तांबडा रंग मिळतो. कड १७ मिलिमीटरवर असेल तर तोच बिंदू कडेच्या ८ मिलिमीटर अलीकडे पडतो आणि तिथे तर सांधा आहे, म्हणून करडा रंग मिळतो. शेजारच्या पिक्सेलची रेघ झाकणात किंचित पुढे शिरलेली असते, म्हणून कडेचं स्थान तिच्यासाठी किंचित वेगळं असतं. अशा तऱ्हेने कुशीवर तांबडं सरकत करड्यात जातं, पुढची पायरी लागली की पुन्हा तांबड्यापासून सुरुवात होते. विटेची ३० मिलिमीटरची कूस १.७ च्या हिशोबाने अठरा पट्ट्यांत चिरली जाते. प्रत्येक पट्टा म्हणजे त्याच त्या विटेच्या काठाची एक छोटी प्रत.

हे ४५ अंशालाही घडत असतं. किंबहुना तिथे पायऱ्या कमी म्हणून पट्टे अधिक जाड असतात. तरी ते खटकत नाहीत, कारण तिथे एका पट्ट्यात चित्राचा फक्त ३.३ मिलिमीटर भाग येतो आणि तेवढ्यात रंग फारसा बदलत नाही. ८५ ला १९ मिलिमीटर येतो, म्हणजे सांधा आणि विटेची कड दोन्ही. पट्ट्यांची जाडी हा खरा गुन्हेगार नाही, एका पट्ट्यात किती चित्र कोंबलं जातं हा आहे. नवशिके लोक पट्टे दिसले की पायऱ्या वाढवतात. पट्टे बारीक होतात, पण जातात असं नाही.

त्यात आणखी एक मूळचीच खोट आहे. समजा गणित अचूक आलं आणि टक्कर बरोबर कडेवर सापडली. तरी विटेच्या कुशीला रंग द्यायला चित्रात जागाच नाही. ते चित्र भिंतीचं समोरून काढलेलं आहे. ३० मिलिमीटरची अख्खी कूस त्यात एका ठिपक्याच्या रेघेत उभी आहे. तोच एक ठिपका ताणून सगळी कूस रंगवली जाते. समोरून पाहताना कूस दिसतच नाही म्हणून हे खपून जातं. घसटून पाहताना मात्र विटेचं तोंड पार चपटं होतं, ८५ अंशाला मूळच्या नऊ टक्क्यांवर येतं, आणि कूस मात्र थेट आपल्या समोर येते. म्हणजे जी बाजू चित्रात नाही तीच नेमकी पाहायची वेळ येते. माझ्या मते या युक्तीची सगळ्यांत मोठी मर्यादा हीच, पायऱ्यांची नव्हे, पण तिच्याबद्दल बोललं कमी जातं.

दूरचा दोष वेगळ्या जातीचा आहे आणि तो ओळखणंही सोपं आहे. कॅमेरा स्थिर असताना तो दिसत नाही, चालू लागलं की दिसतो. १९२० पिक्सेल रुंद पडदा आणि ९० अंशांचं दृश्यक्षेत्र धरलं तर साडेअकरा मीटरवरच्या आपल्या ८८ अंशाच्या जागी एक पिक्सेल भिंतीच्या लांबीवर साधारण ३४ सेंटिमीटर व्यापतो. म्हणजे दीड वीट आणि तिचे सांधे एका ठिपक्यात. त्या ठिपक्याच्या मधून आपण एकच रेघ सोडतो. ती पुढे आलेल्या विटेवर आदळली तर ठिपका तांबडा, सांध्यात शिरली तर करडा. अर्धं पाऊल पुढे टाकलं की तीच रेघ दुसरीकडे आदळते आणि रंग पालटतो. शेकडो पिक्सेल असे पालटू लागले की भिंत वळवळते.

साध्या चित्रासाठी हा प्रश्न कधीचा सुटलेला आहे. चित्राच्या लहान लहान आवृत्त्या, म्हणजे मिपमॅप, आधीच करून ठेवतात. त्यांत प्रत्येक ठिपका हा मूळच्या बऱ्याच ठिपक्यांची सरासरी असतो. लांबच्या भागासाठी लहान आवृत्ती वापरली की चुळबुळ थांबते. पण रंगांची सरासरी काढता येते तशी उंचीची काढून भागत नाही. विटेची उंची आणि सांध्याची खोली यांची सरासरी म्हणजे मधलीच एक सपाट पातळी, आणि सपाट पातळी कुणालाच झाकत नाही. आधी झाकून मग सरासरी काढणं आणि आधी सरासरी काढून मग झाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खऱ्या भिंतीत हा फरक डोळ्यांना दिसतो. आपल्या मापाच्या भिंतीत साडेचौदा टक्के क्षेत्र सांध्यांचं आहे, पैकी साडेचार टक्के उभ्या सांध्यांचं. लांबून, घसटून पाहिलं की उभे सांधे विटांच्या आड जवळजवळ नाहीसे होतात. त्यांच्या तोंडातून नजर आत शिरते खरी, पण ८८ अंशाला १० मिलिमीटरच्या सांध्यात ती जेमतेम पाव ते अर्धा मिलिमीटर उतरते आणि समोरच्या विटेच्या कुशीवर आदळते. म्हणून खरी भिंत लांबवर अधिक तांबडी होत जाते आणि तिच्यात आडव्या रेघाच उरतात. सरासरीच्या चित्रात मात्र उभ्या सांध्यांचा करडा रंग शेवटपर्यंत मिसळलेला राहतो.

इथे आणखी एक फट आहे आणि तीत बरेचजण अडकतात. मिपमॅपची कुठली आवृत्ती घ्यायची हे कार्ड शेजारशेजारच्या पिक्सेलांनी चित्रातल्या किती दूरच्या जागा वाचल्या त्यावरून ठरवतं. इथे एका पिक्सेलची रेघ लगेच आदळते आणि शेजारच्याची अर्धा मीटर पुढे जाऊन आदळते. कार्डाला वाटतं की भिंत फारच लांब आहे, आणि ते अगदी पुसट आवृत्ती उचलतं. मग प्रत्येक पुढे आलेल्या विटेच्या कडेवर एक पुसट, धुरकट रेघ दिसते. यावर उपाय आहे. पायऱ्या टाकण्याआधीच्या मूळ जागांवरून फरक मोजून ठेवायचा आणि शेवटच्या वाचनाला तोच द्यायचा. अशी पुसट रेघ दिसली तर शेडर लिहिणाऱ्याने हे केलेलं नाही असं खुशाल समजावं.

तिसरा दोष कडेचा. तो झाकणाच्या कल्पनेतच दडलेला आहे. रेघ झाकणात शिरली तरच हिशोब सुरू होतो. जी रेघ झाकणाच्या बाहेरून गेली तिच्यासाठी भिंत नाहीच. म्हणून विटा पेटीच्या आत हव्या तितक्या खाली जातात, पण पत्र्याबाहेर तसूभरही येऊ शकत नाहीत. इमारतीच्या कोपऱ्यावर आकाशाच्या पार्श्वभूमीवर दातेरी कड दिसायला हवी, तिथे सरळ रेघ येते. उलट बाजूनेही गडबड होते. ८५ अंशाला रेघ ५७ सेंटिमीटर धावू शकते, म्हणून भिंतीच्या शेवटच्या ५७ सेंटिमीटरमध्ये शिरलेली रेघ भिंत संपली तरी धावतच राहते. चित्र दर दोन मीटरला पुन्हा सुरू होतं, म्हणून तिला चित्राच्या दुसऱ्या टोकाच्या विटा सापडतात, ज्या तिथे असण्याचं काहीच कारण नाही. रेघ भिंतीबाहेर गेली की तो पिक्सेल टाकून द्यायचा असा नियम करता येतो. मोकळ्या कडेला तो शोभतो, विटांची दातेरी कड मिळते. पण कोपऱ्यावर दुसरी भिंत जोडलेली असेल तर तिथे भोक पडतं.

उपाय काय? पायऱ्या वाढवणं हा पहिला. ४५ अंशाची ३.३ मिलिमीटरची पायरी ८९ ला टिकवायची तर प्रत्येक पिक्सेलला साडेआठशेच्या वर वाचनं करावी लागतील. ग्राफिक्स कार्डात पिक्सेल गटागटाने चालतात आणि गटातला सगळ्यांत हळू पिक्सेल बाकीच्यांना थांबवून ठेवतो. शिवाय तेवढं करूनही एका पिक्सेलात दीड वीट हा प्रश्न तसाच. खर्च तिथे सगळ्यांत जास्त, जिथे दाखवायला पिक्सेल सगळ्यांत कमी.

दुसरा उपाय पायऱ्या हुशारीने टाकण्याचा. २००५ मध्ये ब्राझीलच्या पोलिकार्पो, ऑलिव्हेरा आणि कोम्बा यांनी रिलीफ मॅपिंगमध्ये टक्कर सापडल्यावर तो टप्पा पुन्हा पुन्हा अर्धा करत अचूक जागा शोधण्याची रीत वापरली. पट्ट्यांवर हा उतारा खरोखर लागू पडतो, कारण सरळ उताराचा खोटा अंदाज त्यात जातो. पण जी वीट पायरीने ओलांडूनच टाकली ती यात परत मिळत नाही. त्यावर प्रत्येक ठिपक्यासाठी आधीच एक सुळका मोजून ठेवतात, म्हणजे इथून इतकं अंतर निर्धास्त उडी मारा, वाटेत काही नाही. समोरून ही पद्धत झपाट्याने काम उरकते. घसटत्या नजरेला सुळके अरुंद पडतात आणि पायऱ्या पुन्हा वाढतात. तिसरा एक चतुर मार्ग हल्ली सर्रास वापरला जातो. प्रत्येक पिक्सेलची पहिली पायरी थोडी मागेपुढे हलवायची, म्हणजे पट्ट्यांची जागा बारीक खडबडीने घेतली जाते, आणि मागच्या काही फ्रेम मिसळून ती खडबड पुसायची. स्थिर चित्र छान येतं. चालताना विटांच्या मागे अंधुक सावली रेंगाळते.

सरकवणुकीला लगाम घालण्याचाही एक मार्ग आहे. टेरी वेल्श यांनी २००४ मध्ये सुचवलं, की त्या सूत्रातला भागाकारच काढून टाका. मग xy कितीही वाढला तरी एकच्या वर जात नाही, आणि सरकवणूक पेटीच्या खोलीएवढ्यावर थांबते. गणिताने हे चूक आहे, आणि ते मूळ एका वाचनाच्या पद्धतीसाठी होतं. पण त्यामागची अक्कल अजून कामी येते. ‘टॉयशॉप’च्या वेळीही लांबच्या भागात ही युक्ती हळूहळू मिटवून साध्या बम्प मॅपिंगकडे जाण्याची सोय केलेली होती. तोच न्याय कोनालाही लावता येतो.

खऱ्या विटा घडवण्याचा मार्गही आता मोकळा झाला आहे. २००९ मध्ये आलेल्या डायरेक्टएक्स ११ ने कार्डातच त्रिकोण बारीक चिरण्याची सोय दिली, आणि २०२२ मध्ये बाहेर पडलेल्या अनरियल इंजिन ५ मधलं नॅनाइट अफाट त्रिकोणांच्या भिंती सरळ काढतं. तिथे कूस खरी असते, कड खरी असते आणि घसटती नजर हा काही वेगळा प्रसंग उरत नाही. म्हणून ही युक्ती मोडीत निघाली असं म्हणणारे आहेत. मला ते घाईचं वाटतं. फोनवर आणि जुन्या संगणकांवर तिची गरज अजून आहे, आणि रस्त्यापलीकडच्या इमारतीची भिंत, जिला कुणी कधी खेटणार नाही, तिच्यासाठी एवढ्या त्रिकोणांचा खटाटोप फुकट आहे.

चूक युक्तीपेक्षा खोलीच्या लोभात जास्त आहे. ५० मिलिमीटरची पेटी समोरून भारदस्त दिसते म्हणून कलाकार ती ठेवतो, आणि मग अरुंद गल्लीत, जिथे भिंत नेहमी घसटूनच दिसणार, तीच भिंत लावून मोकळा होतो. पेटी सांध्याच्या खऱ्या खोलीएवढी, म्हणजे १५ मिलिमीटर ठेवली, तर ८५ अंशाला पायरी १९ वरून ६ मिलिमीटरच्या आत येते आणि ८८ ला ४६ वरून १४ वर. ८० अंशापासून खोली कमी करत ८७ च्या आसपास शून्यावर आणली तर दूरची वळवळही जाते, आणि तिथे खोली नाहीशी झाली हे चालत्या माणसाच्या लक्षात येत नाही. ज्या मोजक्या विटा खरोखर बोटभर पुढे काढायच्या आहेत त्या बारा त्रिकोणांच्या खऱ्या ठोकळ्यांनी बसवाव्यात. दोन मीटरच्या भिंतीत अशा दहा विटा असल्या तरी हिशोब १२० त्रिकोणांचा, आणि आजच्या साध्या फोनलाही तेवढे जड जात नाहीत.